पोस्टरवरची रिकामी चौकट

त्सुकुदाबाई आमच्या बेटावरच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवतात. यंदा त्यांनी मुलांच्या मोठ्याने वाचण्यावर छोटा अभ्यास केला आणि शिक्षक परिषदेला सारांश पाठवला. ‘सहभागी विद्यार्थी चार’ असं परिषदेच्या पुस्तिकेत छापूनही आलं. मग त्या चौघांतल्या रेनचे आईवडील त्याला घेऊन शहरात राहायला गेले आणि त्यांनी अभ्यासाला दिलेली संमती काढून घेतली.

पोस्टर मांडायला मी मदतीला होतो. मधोमध, नजरेच्या उंचीवर आलेख. त्यातली रेनची रेघ बाईंनी काढून टाकली, तीन उरल्या. खाली ‘पुढील दिशा’ची चौकट मात्र कोरीच.

मी म्हटलं, “अहो, ‘अधिक मुलांवर अभ्यास करू’ लिहा. सगळेच लिहितात.”

“कुठली मुलं, नोबे सर? मार्चला शाळा कायमची बंद होतेय.”

परिषदेत बाई तासभर पोस्टरशेजारी उभ्या होत्या. एकच गृहस्थ थांबले. पुस्तिका उघडून म्हणाले, “यात तर चार आहेत.”

“एक गेला.”

“तीन म्हणजे फारच कमी. पुढच्या वर्षी जास्त मुलं घ्या.”

मला त्यांचा असा राग आला. बाईंनी मात्र कमरेत वाकून आभार मानले, आणि ते वाक्य पेनाने त्या कोऱ्या चौकटीत जसंच्या तसं लिहून घेतलं.