दारातली गुणगुण

जाणाऱ्या गार हवेनं येणारी गरम हवा निववणारी यंत्रं सांभाळण्यात कुपवाडच्या केरूचा जन्म गेला. सांगलीतल्या लालासाहेबांनी स्वतःची बायको वारल्यापासून वर्षभर त्याला यंत्र साफ करायला आपल्या हवाबंद फ्लॅटमध्ये घेतलं नव्हतं. आज जीव घुसमटला, म्हणून घेतलं.

केरूनं मोजलं. बेडरूमच्या डक्टांतून ताशी चाळीस घनमीटर हवा येत होती. स्वयंपाकघर आणि बाथरूममधून एकशेवीस बाहेर ओढली जात होती. कमी पडणारी ऐंशी घनमीटर हवा मुख्य दाराच्या फटीतून गुणगुणत आत शिरत होती.

त्यानं येणाऱ्या हवेचा धुळीनं तुंबलेला काळाठिक्कर फिल्टर बदलला. दोन्हीकडे एकशेवीस झालं आणि दार गप्प झालं.

लालासाहेबांनी जाऊन दाराच्या फटीला कान लावला.

"केरू, जुना फिल्टर परत बसीव. वरीसभर ती दारात गुणगुणत हुती रं."