एक पूर्णांक दोन दशांश

दहा कोटींचं ते बजेट मीच बांधलं होतं. त्यामुळे ते मेलंय हे सांगण्याची वेळ आली तेव्हा तेही मलाच सांगावं लागलं, आणि तेसुद्धा ज्यांचे पैसे होते त्यांच्या तोंडावर. आज मागे वळून बघताना त्या दिवसाइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

मी तेव्हा कुपवाडच्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचं काम बघायची. काम किती झालं, खर्च किती झाला आणि उरलेलं कितीत होईल, एवढं सांगणं ही माझी नोकरी. तासगावजवळच्या बेदाणा उत्पादकांनी एकत्र येऊन शीतगृह बांधायला काढलं होतं आणि ते काम आमच्याकडे आलं होतं. करार असा, की होईल तो खर्च त्यांचा आणि आम्हाला वर ठरलेली फी. म्हणजे खर्च वाढला तर झळ त्यांना बसणार. बँकेनं त्यांना दहा कोटींच्या हिशेबानं कर्ज मंजूर केलं होतं. तो दहाचा आकडा माझ्या कॉम्प्युटरवरून निघालेला.

चूक जमिनीत झाली होती. बजेट करताना मी एकाच ठिकाणी चाचणीचा खड्डा घेतला. तिथं सहा फुटांवर मुरूम लागला, आणि मी सगळ्या प्लॉटला सहा फूट धरले. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या अर्ध्या भागात काळी माती चौदा फुटांपर्यंत गेलेली निघाली. पाया खोल न्यावा लागला, काँक्रीट वाढलं, त्यात पावसानं दोनदा खड्डे भरले. गणपती उठले तेव्हा मी पुरा आढावा घेतला. चार कोटींचं काम झालं होतं. त्यासाठी पाच कोटी गेले होते.

म्हणजे रुपया खर्च करून आम्ही ऐंशी पैशांचं काम उभं करत होतो.

आमच्या धंद्यात एक आकडा असतो, टीसीपीआय. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. जे काम राहिलंय त्याला, जे पैसे राहिलेत त्यानं भागायचं. राहिलेलं काम सहा कोटींचं, राहिलेले पैसे पाच कोटी. सहा भागिले पाच, एक पूर्णांक दोन दशांश. दहा कोटींत संपवायचं असेल तर उद्यापासून प्रत्येक रुपयात एक रुपया वीस पैशांचं काम निघालं पाहिजे. आजवर निघालंय ऐंशी पैशांचं. मी तो आकडा तीनदा काढला. तीनही वेळा तोच आला.

साहेबांच्या केबिनमध्ये कागद नेला. साहेब माणूस वाईट नव्हते. शून्यातून उभे राहिलेले, आणि पुढचं मोठं काम याच लोकांकडून मिळेल या आशेवर असलेले.

त्यांनी कागद वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"परवाच्या बैठकीत दहाच सांगायचं. पुढचं पुढं बघू."

"साहेब, दहात आता होत नाही."

"काटकसर करू."

"पाचावर वीस टक्के जास्तीचं काम काढायचंय. तेसुद्धा आपण ज्या गतीनं आलोय ती बघून. एवढी काटकसर होत नसते."

ते खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "बजेट तुझंच होतं ना?"

ते बोलणं जिव्हारी लागलं. मी "हो" म्हटलं आणि बाहेर आले. जागेवर बसून बराच वेळ नुसती स्क्रीन बघत होते. दहा म्हटलं असतं तर माझी चूक आणखी चार महिने झाकली गेली असती. पण चार महिन्यांनी भिंती उभ्या असत्या, थंड करणारी यंत्रं आलेली असती आणि ती बसवायला पैसे नसते. बेदाण्याचा हंगाम कुणासाठी थांबत नाही.

नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं. कितीत होईल तेही सांगायला हवं होतं. याच चालीनं गेलो तर साडेबारा कोटी लागणार होते. पण तो आकडाही मला पटेना. नुकसान सगळं पायाच्या कामात झालं होतं, आणि पाया आता संपला होता. मी साइटवर गेले.

साइटवरची सगळी सूत्रं एका निवृत्त सुभेदारांकडे होती. सातारा जिल्ह्यातले, फौजेत पूल आणि रस्ते बांधण्यात आयुष्य गेलेलं. आम्ही दोघं सिमेंटच्या गोदामाबाहेर बसलो आणि राहिलेलं एकेक काम काढलं. सहापैकी चार कोटींची, थंडी धरून ठेवणारी भिंतींची पॅनेलं आणि यंत्रं होती, त्यांचे दर पक्के ठरलेले. हलणारे होते ते फक्त दोन कोटी. आणि पाया संपल्यापासूनच्या कामात आमचा रुपया जवळजवळ रुपयाचं काम देत होता.

"अकरा धरलं तर?" मी विचारलं. अकरातून झालेला पाच कोटींचा खर्च वजा केला की सहा उरतात. राहिलेलं कामही सहाचं. सहा भागिले सहा. एक.

"म्हंजे रुपयाला रुपया," सुभेदार म्हणाले. "ढिलाई केली तर न्हाई जमायचं. पण जमतंय मॅडम. क्रेन महिनाभर भाड्यानं उभी ऱ्हाती न्हवं, ती बंद करा. पॅनेलं एकेका खोलीची सगळी एकदम मागवा. मी नऊ दिसात क्रेन मोकळी करून देतो."

बैठक तासगावला झाली. समोर उत्पादकांची कमिटी, मध्ये त्यांचे अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सत्तरी ओलांडलेले, द्राक्षांत हात मुरलेले जैन शेतकरी. साहेबांनी सुरुवात केली. पायाची अडचण सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पण काळजी नको. दहातच बसवू."

अण्णांनी मान हलवली नाही. माझ्याकडे वळले.

"आकडं तुमी काढता न्हवं, ताई? तुमी सांगा. बसतंय का दहात?"

माझ्या बाजूला साहेब होते. त्यांच्याकडे मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कदाचित धीर सुटला असता.

"नाही अण्णा. दहात नाही बसत. आणि पायाचा अंदाज माझा चुकलेला आहे."

मी फळ्यावर आकडे लिहिले. झालेलं काम, झालेला खर्च, राहिलेलं काम, राहिलेले पैसे. आजवरचे ऐंशी पैसे आणि लागणारे एक रुपया वीस पैसे. कमिटीतले दोघंतिघं कपाळाला आठ्या घालून बघत होते. अण्णांनीच कोंडी फोडली.

"म्हंजे ज्या गड्यानं आजवर दिसाला आठ वळी छाटल्या, त्यानं उद्यापासनं रोज बारा छाटायच्या. व्हय?"

"अगदी तसंच, अण्णा."

"आवं, तसा गडी आमी उभ्या जन्मात बघितला न्हाई!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले. मला मात्र रडू येईल की काय असं झालं होतं, इतकं हलकं वाटलं.

"मग धा वळीचा गडी कितीत मिळंल?" अण्णांनी विचारलं.

"अकरात," मी म्हटलं. कोणते दर पक्के आहेत, कोणते आमच्या हातात आहेत, क्रेनचं काय करणार, सगळं मांडलं. "दर महिन्याला इथं येऊन दोन्ही आकडे सांगेन. दहाचा आणि अकराचा. अकराचा एकच्या वर जायला लागला तर त्याच दिवशी सांगेन."

अण्णांनी शेजारच्या दोघांशी हिशेब केला. मग म्हणाले, "एक कोट सभासदांत वाटून उभं करता येतंय. आत्ता सांगितलंसा म्हणून येतंय. माघात सांगितलं असतंसा तर कुठनं आणलं असतं?"

परतताना साहेब सांगलीपर्यंत गाडीत सोबत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "अकरा म्हणालीस. आता अकरा."

पहिल्या महिन्यात आम्ही घसरलो. ऐंशी लाखांच्या कामाला नव्वद लाख लागले, कारण उत्तरेकडच्या जमिनीची भर पुन्हा दाबावी लागली. अकराचा आकडा एक पूर्णांक शून्य दोन झाला. मी सुभेदारांसोबत तासगावला जाऊन तो तसाच फळ्यावर लिहिला. कुणी ओरडलं नाही. अण्णांनी फक्त विचारलं, "आता काय करणार?" सुभेदार उठले आणि सावधान उभं राहून म्हणाले, "आवं अण्णा, आता क्रेन येतीय."

आणि खरंच, पुढचे दोन महिने मी असे बघितले की ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस म्हणून मी आजही सांगते. पॅनेलं खोलीवार आली. सुभेदारांनी उतरवण्याच्या क्रमानंच ती ट्रकमध्ये भरून घ्यायला लावली होती, त्यामुळे एकही पॅनेल दोनदा उचलावं लागलं नाही. कबूल केले होते नऊ दिवस. क्रेन आठव्या दिवशी गेटबाहेर पडली. सगळ्या फिटरांनी शिट्ट्या मारल्या. दोन कोटी वीस लाखांचं काम दोन कोटी पाच लाखांत झालं होतं.

त्या महिन्याचे आकडे मी साहेबांना दाखवले. सात कोटींचं काम, सात कोटी पंच्याण्णव लाख खर्च. अकराचा आकडा एकच्या खाली आला होता, शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव. शेजारी दहाचा होता, एक पूर्णांक शेहेचाळीस. साहेबांनी दोन्हींवर बोट फिरवलं.

"आपण चांगलं काम केलं, तरी हा वाढलाच?"

"राहिलेले पैसे कामापेक्षा भराभर संपतात ना साहेब. खोट्या बजेटला धरून बसलो असतो तर आज प्रत्येक रुपयात दीड रुपयाचं काम मागत बसलो असतो."

त्यांनी कागद सरळ करून फाइलला लावला. "आणि मी फिटरांना शिव्या देत बसलो असतो," म्हणाले.

फेब्रुवारी संपता संपता यंत्रं सुरू झाली. मी आणि सुभेदार पहिल्या खोलीत उभे होतो. तापमापकाचा आकडा उतरत उतरत हव्या त्या ठिकाणी येऊन थांबला तेव्हा त्या तापत्या दुपारी आमच्या तोंडातून वाफ येत होती. शेवटचा हिशेब दहा कोटी पंच्याण्णव लाखांवर मिटला. अकराच्या आत. पाच लाख उरले.

बेदाण्याचे पहिले बॉक्स आले त्या दिवशी साहेबांनी सगळ्या कमिटीसमोर माईक हातात घेतला. भाषण करायची त्यांना सवय नव्हती. "मी या पोरीला दहा सांग म्हटलं होतं," ते म्हणाले. "तिनं ऐकलं नाही. म्हणून आज हे उभं आहे." टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही. सुभेदारांनी मला कडक सलाम ठोकला आणि मी हसत हसत रडले.

अण्णांनी त्याच दिवशी दुसऱ्या शीतगृहाचं काम आम्हाला दिलं. एकच अट घातली, "बजेट ताईंनी करायचं."

मी लगेच हो म्हटलं. पण काम घेण्याआधी सहा ठिकाणी खड्डे घ्यायला लावले, आणि प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरून मुरूम हातानं उकरून बघितला.