पूर्ण पैसे भरलेल्यांसाठी वेगळा परिच्छेद

ताईंना सगळेच ताई म्हणत, वयाने मोठे असलेले प्रवासीसुद्धा. उमेदीच्या काळात त्या स्वतः लाल छत्री उंच धरून परदेशातल्या रस्त्यांवरून माणसांचे घोळके हाकत. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा त्यांनी स्वतःची ट्रॅव्हल एजन्सी काढली आणि धाकट्या भावाला हिशेबाला बसवलं. भाऊ हुशार. नको तितका हुशार, असं त्या लाडाने म्हणायच्या.

त्या महिन्यात आपलं चलन असं गडगडलं की युरोचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. वसंतातल्या सहलीचे प्रवासी रोज फोन करून विचारत, "ताई, आमचं काय?" शेवटी भावाने पत्राचा मसुदा करून टेबलावर ठेवला: चलनाच्या घसरणीमुळे सर्व प्रवाशांना फरकाची रक्कम भरावी लागेल, कळावे.

ताईंनी तो दोनदा वाचला. "सर्व म्हणजे? ज्यांनी पूर्ण पैसे भरलेत तेही?"

"सगळ्यांना सारखंच."

"आपल्या फॉर्मवर काय लिहिलंय? भाव बदलला तर न भरलेल्या रकमेवर फरक. विमानाची तिकिटं निघालीत, ती सोड. उरली तिकडची हॉटेलं, बस, गाइड. ते युरोत. पूर्ण पैसे आले की आपण युरो घेऊन तिकडच्या एजन्सीला पाठवून मोकळे होतो. मग त्यांच्यावर फरक पडेलच कसा?"

भाऊ पंख्याकडे बघू लागला. तो पंख्याकडे बघायला लागला की काहीतरी शिजलेलं असतं, हे ताईंना त्याच्या शाळेपासून ठाऊक होतं.

"घेतले नाहीस."

"भाव जरा चढला होता. म्हटलं उतरेल, चार पैसे सुटतील. मग आणखी चढला. आता घेतले तर नुकसान, म्हणून थांबलो."

पूर्ण पैसे भरणारे होते कोण? "भरून टाका आणि निर्धास्त व्हा" असं त्यांनी स्वतः ज्यांना सांगितलं ती माणसं. भावाला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. सुनवलेही, पण दार लावून.

मग त्यांनी बँकेला फोन लावला, भाव विचारला, तोंड वाकडं केलं आणि पूर्ण भरलेल्यांचे युरो तिथल्या तिथे घेतले. मोसमाची सारी कमाई त्यात धुऊन गेली. पत्र नव्याने लिहिलं. बाकी असलेल्यांना फक्त बाकीतल्या युरोच्या भागावर फरक, पैसे भरतील त्या दिवसाच्या भावाने. ज्यांना जमणार नाही त्यांना रद्द करायला दोन आठवडे, आमचा आकार माफ. विमानकंपनी मात्र तिचे पैसे कापून घेईल. आणि खाली वेगळा परिच्छेद: 'ज्यांनी पूर्ण पैसे भरले आहेत, त्यांनी काहीही भरायचे नाही. त्यांचे युरो वेळेवर घ्यायला हवे होते, आम्ही घेतले नाहीत. तो तोटा आमचा.'

"शेवटची दोन वाक्यं काढ ना," भाऊ म्हणाला. "आपल्या हाताने आपल्याच तोंडाला काळं कशाला फासायचं? फरक नाही म्हटलं की खूश होतील. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय," ताई म्हणाल्या आणि पत्र सगळ्यांना पाठवलं.

दोन कुटुंबांनी सहल रद्द केली. बऱ्याच जणांनी कुरकुरत का होईना पैसे भरले. एका बाईंनी 'खरं सांगितलंत, बरं वाटलं' असं कळवलं, तेव्हा ताई जरा सुखावल्या.

मग फर्निचरवाले काका आले. ताईंबरोबर चार सहली केलेले, हॉटेलातल्या कपाटांना नावं ठेवत फिरणारे. त्यांची निम्मी रक्कम बाकी होती. त्यांनी फरकासकट चेक टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि पत्र उघडलं.

"हे युरो वेळेवर घेतले नाहीत म्हणजे नेमकं कोणी?"

ताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या टेबलावरून भाऊ उठला. "मी, काका. भाव उतरेल म्हणून थांबलो. चुकलं माझं."

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावले नाहीत. "होतं असं. आमच्याकडेही लाकूड स्वस्त होईल म्हणून मी थांबलोय कधी कधी." त्यांनी खुर्ची ओढली. "चेक तुमच्याच बँकेचा आहे, आत्ता वटेल. माझे युरो घ्या. बँकेचा कागद येईपर्यंत मी बसतो."

ताईंच्या जिव्हारी लागलं. परक्या गावात हेच काका आपलं पाकीट आणि पासपोर्ट त्यांच्या हातात देऊन डोळे मिटून बसमध्ये झोपत. पण काकांना दोष द्यायला जागा नव्हती. माणूस रास्तच बोलत होता.

"बसा," त्या म्हणाल्या आणि भावाने बँकेचा नंबर फिरवला.