बघ रे, खरं आहे का

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी संगमनेरच्या हन्नाबाईंचा शिक्षकी खाक्या गेलेला नव्हता. शेजारपाजारचे लोक लाइटबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही दाखवायला त्यांच्याकडे येत. बाईंनी मान डोलावली की विषय संपला.

त्याच बाईंच्या मोबाईलवर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपला बँकेचं चिन्ह लावलेला मेसेज आला. केवायसी अपुरं असल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे, सोबतची फाईल उघडून आजच माहिती भरा. त्यांचं आणि धाकट्या भावाचं, अँड्र्यूचं, मिळून त्या बँकेत एक खातं होतं. त्यात अँड्र्यूच्या घराच्या स्लॅबचे पैसे होते आणि स्लॅब शनिवारी पडायचा होता. मिक्सर ठरला होता, माणसं ठरली होती.

दुसरं कुणी असतं तर खोटं म्हणून सोडून दिलं असतं. बाईंची पंचाईत वेगळीच होती. गेल्या वर्षी दुसऱ्या बँकेतल्या पेन्शनखात्याचा खरा मेसेज त्यांनी असाच फसवाफसवीचा म्हणून पुसून टाकला, आणि ते खातं खरोखरच अडकलं. ते सोडवताना बँकेचे इतके खेटे घालावे लागले की चपला झिजल्या. खरं मानावं तर फसतो, खोटं मानावं तर अडकतो. माणसानं करायचं तरी काय?

बाईंनी फाईल उघडली नाही. एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी पासबुकावरच्या नंबरावर फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, खात्यासाठी ते दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता तर उचलायचा! वाजंत्री ऐकून कान किटले, तेव्हा बाईंनी वैतागून तो मेसेज फाईलसकट अँड्र्यूला पाठवला, खाली लिहिलं, "बघ रे, खरं आहे का", आणि रिक्षानं बँक गाठली.

बँकेत ही गर्दी. खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. "बाई, बोर्ड वाचा. बँक अशी फाईल पाठवत नाही."

"बोर्ड वाचला मी. खातं चालू आहे की बंद, ते बोर्डावर लिहिलेलं नाही. ते बघा."

"त्यासाठी मॅडमकडे जा."

मॅडम म्हणजे धनश्री नावाची तरुण अधिकारी. तिच्यापुढेही रांग होतीच. बाई चरफडत उभ्या राहिल्या. नंबर लागला तेव्हा धनश्रीनं पासबुक घेतलं, संगणकात पाहिलं आणि मेसेजवर नजर टाकली.

"खातं चालू आहे, बाई. मेसेज खोटाच. आणि या खात्याला तुमचा मोबाईल जोडलेलाच नाही. अँड्र्यू नावाच्या खातेदारांचा आहे. बँकेचा निरोप आला असता तर त्यांच्या फोनवर आला असता."

बाईंना हायसं वाटलं. ते जेमतेम एक श्वासभर टिकलं. अँड्र्यूचा फोन! ओटीपी त्यावर येतात, पैसे त्यावरूनच जातात, आणि ती फाईल त्यावर कुणी पाठवली? त्यांनी लगेच त्याला फोन लावला.

"ताई, झालं बघ काम," अँड्र्यू बांधकामावरून ओरडला. "फाईल उघडली, ते अ‍ॅप घेतलं, कार्डाचा नंबर, पिन, समदं भरलं."

"अरे, मी बघ म्हटलं होतं! भर म्हटलं नव्हतं!"

"तुझ्याकडनं आलं ना ताई. तू पाठवलंय म्हंजी खरंच असंल."

बाई धनश्रीकडे वळल्या. "मॅडम," त्या सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "खातं बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

धनश्री पटापटा कळा दाबू लागली. "त्यांना नेट बंद करून फोन इकडे आणायला सांगा. आणि तुम्ही तुमच्या फोनवरून एकोणीसशे तीसला, सायबर फसवणुकीच्या नंबराला, तक्रार नोंदवा. एक रक्कम गेलीय. बाकीची थांबवली."

सळईचे पैसे गेले होते, सिमेंटचे राहिले होते. तक्रार लवकर झाली आहे, गेलेले कदाचित पुढे कुठे अडवता येतील, असं धनश्री म्हणाली. कदाचित. शनिवार काही कदाचितवर थांबणार नव्हता.

बाई बाकावर बसल्या. स्वतःचाच इतका संताप आला होता, की रडूही येईना.

अर्ध्या तासानं अँड्र्यू आला, हाताला सिमेंट तसंच. शेजारी बसला आणि भीत भीत फोन पुढे केला.

"ताई, आता आनखी एक मेसेज आलाय. खातं बंद केलंय म्हनं. म्या हात न्हाई लावला." तो थांबला. "बघ की, खरं हाय का?"

बाईंनी वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग फोन त्याच्या हातात न देता त्या उठल्या.

"चल, मॅडमलाच विचारू," त्या म्हणाल्या.