शामलाच्या उंचीची भिंत

मनोहरराव खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. हिशेबाला आपण पक्के, असं ते स्वतःच सांगत. नागपूरच्या मनीषनगरात घर बांधताना त्यांच्या बायकोचा, गोपिकाबाईंचा, एकच हट्ट होता: बाथरूमला टाइल्स पाहिजेत.

हट्टामागं शामला होती. एकुलती मुलगी, पंधराव्या वर्षी भिलाईला दिलेली. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. पॉवर हाऊसच्या क्वार्टरमागं बांबूच्या तट्ट्याआड न्हाणं तिला नको वाटे. सासरी शॉवर होता. "बाथरूम नीट झाली की राहीन मुक्कामी," असं ती एकदा सहज बोलली. आईला तेवढं पुरलं.

मनोहररावांनी चारी भिंतींची लांबी मोजली, तीन फूट उंचीनं गुणली, त्यातून दार आणि खिडकी वजा केली आणि नेमक्या तेवढ्या आकाशी टाइल्स इतवारीच्या बाजारातून आणल्या. धोंडबा मिस्त्रीनं गठ्ठे पाहूनच विचारलं, "भाऊ, हिशेबातून दार किती कापलं?"

"पूर्ण. साडेसहा फूट."

"टाइल लागते तीन फुटावरी. मंग दारही तीनच फूट कापा लागते. अन् खिडकी तं वर हाये, ते काहून कापली?"

टाइल्स कमी पडणार होत्या. मनोहरराव परत इतवारीत जाऊन आले. दुकानात त्या रंगाचा माल संपला होता.

"सगळीकडं उंची कमी करू," धोंडबा म्हणाला.

"नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "मी पाटावर बसून न्हाते, मले दीड फूट पुरे. तीन भिंती तेवढ्याच ठेवा. उरलेल्या सगळ्या शॉवरच्या भिंतीले लावा."

"किती उंच पाहिजे, वहिनी?"

"शामलाच्या डोक्यावरी." त्यांनी हवेत हात धरला. धोंडबानं तिथंच पेन्सिलीची रेघ मारली. टाइल्स बरोब्बर पुरल्या, म्हणून मनोहररावही खुशीत आले.

दिवाळीनंतर शामला खरंच आली आणि एक रात्र राहिली. सकाळी ती न्हायला गेली तेव्हा गोपिकाबाई टॉवेल द्यायला दाराशी गेल्या. शामला शॉवरखाली उभी राहून नळ फिरवून पाहत होती. टाइल्स तिच्या कपाळाशीच संपत होत्या. गोपिकाबाईंनी हवेत हात धरला होता तो लग्नाच्या मांडवातल्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. त्यानंतर पोरगी किती वाढली, हे जवळून बघता येईल एवढी ती कधी थांबलीच नव्हती. त्यांना रडू आलं. टॉवेल देऊन त्या वळल्या.

शामला दुपारच्या गाडीनं गेली. मनोहरराव फडकं घेऊन बाथरूममध्ये आले. शामला उभी होती तिथं टाइल्सच्या वर प्लास्टर भिजलं होतं.

"पुसून घेतो वं. ओल धरन भिंत."

"राहू द्या," गोपिकाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस राहू द्या."