बाहेरून चिकटवलेली पट्टी

रोह्याच्या कंपनीत मी उपकरणं दुरुस्त करतो. प्लास्टिकच्या टाकीची पातळी कळावी म्हणून आम्ही बाहेरूनच तांब्याची पट्टी चिकटवतो. आतला द्रव पट्टीसमोर आला की तिला तो जाणवतो, टाकीला भोक पाडावं लागत नाही. पण खारट, चिकट द्रव असला की टाकी उतरली तरी आतल्या भिंतीला ओला थर धरून राहतो, आणि पट्टी त्या थरालाच भरलेली टाकी समजते. तिच्या या खोटेपणापायी मी साहेबांच्या कमी शिव्या खाल्ल्या नाहीत.

तरी वरसे गावात घरच्या पांढऱ्या टाकीवर, काठाखाली वीतभर, मी तशीच पट्टी लावली होती. त्याआधी बायको खालून ओरडायची, "अवो, नळ सुकला हाय!" पट्टी लावल्यावर पाणी तिच्याखाली उतरून तिला जोडलेला हिरवा दिवा विझला की पंप सुरू करायचा, एवढंच राहिलं. दिवा रोज सकाळी दहाच्या आत विझायचा.

बायकोचं तेरावं झालं. लेक पेणला सासरी परतली. त्यानंतर दोन दिवस दिवा विझेचना.

"लागली ही पण खोटं बोलायला," म्हणत मी फडकं घेऊन तणतणत गच्चीवर चढलो. आत शेवाळाचा थर धरला असणार, तो घासून काढायचा होता.

झाकण उघडलं. भिंत स्वच्छ होती. पाणी काठापासून जेमतेम चार बोटं खाली गेलं होतं.

पट्टी खरंच सांगत होती. दोन दिवसांत माझ्या अंघोळीच्या दोन बादल्या आणि एका कपाचा चहा.