उघडं कार्ड

चित्रं-अक्षरं चिकटवायच्या रबर सोल्यूशनचा वास अजूनही कुठे आला की माझ्या नाकात त्यामागोमाग मिरची शिरते. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या टेबलावर, मी मसाल्यांची चार लेबलं बनवत होते तेव्हा हे दोन्ही वास एकत्र नांदत असत. रंग पाहायला म्हणून मुलुंडच्या वहिनींनी, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकानं, चारही मसाल्यांच्या पुड्या दिल्या होत्या, आणि आईनं त्या टेबलावरून हलवू दिल्या नव्हत्या. "मालाचा वास घेत काम कर, म्हणजे चित्रात उतरेल," असं ती म्हणे.

वहिनी मूळच्या मालवणच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरातच मसाले कुटायला आणि दुकानांत द्यायला सुरुवात केली होती. मी तेव्हा नोकरी सोडून घरून कामं घेणारी, नवखी कमर्शियल आर्टिस्ट. अर्धे पैसे आधी, उरलेले सहाशे आर्टवर्क हाती दिल्यापासून तीस दिवसांत, असं ठरलं होतं. मी बिल दिलं, वहिनींनी ते कपाळाला लावून देवाच्या फोटोमागे ठेवलं. लेबलं छापून आली. स्टेशनसमोरच्या वाण्याकडे माझी लाल अक्षरं मी स्वतः पाहिली. पैसे मात्र आले नाहीत.

पहिल्यांदा मी घरी गेले. चहा मिळाला, सोलकढीसुद्धा, आणि पुढच्या नव्या लेबलांची बोलणीही झाली. "ताई, दुकानदार उधारी देईनात हो. पुढच्या महिन्यात नक्की!" दुसऱ्यांदा अंतर्देशीय पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. इकडे लेबलांवरचा बारीक मजकूर ज्यांच्याकडून जुळवून घेतला होता, त्या टाइपसेटिंगवाल्या काकांनी मला स्पष्ट सांगितलं, "आधीचं मिटव, मग नवीन घेऊन ये." हातात एका साबणाच्या वेष्टनाचं काम होतं, ते त्यांच्याशिवाय अडलं होतं.

पाच महिने झाले तेव्हा मी पोस्टकार्ड घेतलं.

"कार्ड कशाला गं?" आई म्हणाली. "कार्ड सगळेच वाचतात."

"वाचू देत की!"

ही तीन शब्दांची फुशारकी मला पुढे फार महाग पडली. काटकसर हे मी स्वतःला दिलेलं कारण होतं. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते आईलाही ठाऊक असावं.

मजकूर मी तीनदा लिहून काढला होता. "सप्रेम नमस्कार. चार लेबलांची आर्टवर्क्स आपणास पोचती करून पाच महिने झाले. बिलाचे उरलेले सहाशे रुपये, दोनदा स्मरण देऊनही, अद्याप मिळालेले नाहीत. काही अडचण असल्यास कळवावे. दोन हप्त्यांत दिले तरी चालतील. परंतु येत्या पंधरा तारखेपर्यंत काहीच न आल्यास नव्या लेबलांचे काम मला घेता येणार नाही. कळावे." त्यात एकही उणा शब्द नव्हता. मात्र मी तो सुलेखनाच्या तिरप्या कटनिबनं लिहिला, काळ्या शाईत, लेबलांवरच्याच वळणात. हातभर लांबून वाचता येईल इतका सुबक. अक्षर वाळेपर्यंत मी ते उन्हात धरलं, आणि मला ते आवडलं.

चौदा तारखेला, भर दुपारी, वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत. आईनं पाणी आणलं. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"सासूबाईंना वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "अक्षर बघून त्यांना वाटलं, कुणाच्या लग्नाचं बोलावणं आलंय. पोस्टमनला म्हणाल्या, वाच रे बाबा मोठ्यानं. मसाला निवडायला शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. मी घरात सांगितलं होतं, तुमचे पैसे कधीच दिले म्हणून."

"वहिनी, मला—"

"तुमचं चुकलं नाही काही. पैसे तुमचेच होते."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. सासूबाईंनी आपल्या पेटीतून, त्या चौघींसमोर, मोजून दिलेल्या नोटा. दहा-दहाच्या, मऊ पडलेल्या, तिखटाचा वास भिनलेल्या. मला ठसका लागला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या वासानं, असंच मी दाखवलं.

"निम्मेच आत्ता द्या," मी म्हटलं. "बाकीचे सावकाश द्या. आणि नवी लेबलं मी करते ना, हळदीचं आधी घेऊ या."

नोटा टेबलावर, अर्ध्या रंगवलेल्या साबणाशेजारी, पडून राहिल्या. वहिनींनी रुमालाची घडी घातली, चौकोनी, कडेला कड जुळवून. मला त्या आजवर कधी ताई म्हटल्याशिवाय बोलल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला आणि म्हटलं,

"पावती."